उताऱ्यावरचे प्रश्न वाचन तपासतात की सामान्य ज्ञान? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवीच्या शिष्यवृत्तीची तयारी घेणारे, घटक चाचण्या काढणारे आणि केंद्रासाठी सराव प्रश्नसंच बनवणारे शिक्षक गेली काही वर्षं हे प्रश्न पाठवत आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांसाठी सगळीकडे एकच उतारा वापरला आहे, तो प्रश्न २ मध्ये आहे.

१. प्रश्न उताऱ्याखाली छापलेला आहे आणि उत्तरही उताऱ्यात आहे. मग तो वाचन तपासत नाही असं कसं म्हणता?

उत्तर उताऱ्यात असणं पुरेसं नाही. ते मुलाच्या डोक्यात आधीपासून असेल, किंवा पर्याय पाहूनच ओळखता येत असेल, तर मुलाला उताऱ्याकडे वळायची गरज पडत नाही. त्याला गुण मिळतात, पण ते वाचल्याचे नसतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याच्या घरी वर्तमानपत्र येतं, टीव्हीवर बातम्या लागतात, तो मुलगा अशा प्रश्नांत पुढे जातो आणि आपण त्याचं आकलन चांगलं आहे असं लिहून मोकळे होतो.

म्हणून पहिली कसोटी अगदी सरळ आहे. उतारा झाका आणि नुसता प्रश्न व पर्याय मुलांपुढे ठेवा. तरीही बरीच मुलं बरोबर उत्तर देत असतील, तर प्रश्नाला उताऱ्याची गरज नाही. ही चाचणी घ्यायची कशी, ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. एखादं उदाहरण द्या ना, नुसतं बोलून कळत नाही.

पाचवीसाठी हा छोटा उतारा घेऊ:

> लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. हजारो वर्षांपूर्वी उल्कापातामुळे ते तयार झालं. त्याचं पाणी खारट आहे. जून २०२० मध्ये हे पाणी अचानक गुलाबी दिसू लागलं. गंगारामकाकांना वाटलं, कुणीतरी पाण्यात रंग टाकला. त्यांच्या मुलीने एका बाटलीत थोडं पाणी भरलं आणि बाटली खिडकीत ठेवली. काही दिवसांनी गुलाबी रंग तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. काका म्हणाले, "टाकलेला रंग असा खाली बसला नसता."

काका आणि त्यांची मुलगी काल्पनिक आहेत. पाणी गुलाबी झालं ते खरं आहे. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता आणि ते तळाशी बसल्यावर पाणी पुन्हा नितळ झाल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. मुद्दामच ही माहिती उताऱ्यात घेतलेली नाही, कारण ज्याने ती बातमी ऐकली होती त्याला फुकटचा फायदा झाला असता.

आता यावर नेहमीच्या पद्धतीने चार प्रश्न काढू.

अ) लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे? (नागपूर / बुलढाणा / पुणे / कोल्हापूर)

आ) पाणी गुलाबी झालेलं पाहून काकांना आधी काय वाटलं? (कुणीतरी रंग टाकला / पाणी आटलं / मासे वाढले / थंडी पडली)

इ) मुलीने बाटली कुठे ठेवली? (अंगणात / खिडकीत / कपाटात / शाळेत)

ई) रंग टाकला आहे हे काकांचं मत कशामुळे बदललं? (बाटलीतलं पाणी वरून नितळ झालं / पाणी आणखी गडद झालं / पाण्याला वास सुटला / पाणी आटून मीठ उरलं)

चारही प्रश्नांची उत्तरं उताऱ्यावरूनच देता येतात. यातला एकच वाचन नीट तपासतो, आणि त्याच्याही शब्दरचनेत एक गोम आहे.

३. उतारा झाकून चाचणी घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं?

त्याच मुलांना आधी उताऱ्याशिवाय आणि मग उताऱ्यासह प्रश्न देऊ नका. दुसऱ्या वेळी त्यांना प्रश्न ओळखीचे झालेले असतात आणि आकडे फुगतात. वर्गाचे दोन गट करा. हजेरी क्रमांकाने एक सोडून एक घेतले की पुरे. हुशार मुलं एका बाजूला जातील अशी वाटणी मात्र करू नका. एका गटाला फक्त प्रश्न आणि पर्याय द्या, दुसऱ्याला उताऱ्यासह पूर्ण पान द्या.

उतारा न मिळालेल्या मुलांना आधीच सांगा की हा खेळ आहे, गुण धरायचे नाहीत, पण प्रत्येक प्रश्नाला जे बरोबर वाटेल ते निवडायचंच. हे सांगितलं नाही तर मुलं गोंधळून रकाने कोरे सोडतात आणि मग आकड्यांना अर्थ राहत नाही.

समजा ४० मुलांचा वर्ग आहे, म्हणजे प्रत्येक गटात २०. समजा निकाल असे आले: प्रश्न 'अ' उताऱ्याविना १७ जणांनी आणि उताऱ्यासह १९ जणांनी बरोबर सोडवला. 'आ' १३ आणि १८. 'इ' ६ आणि २०. 'ई' ७ आणि १२.

बहुतेक जण इथे दोन आकड्यांतला फरक काढतात आणि तिथेच फसतात. 'आ' आणि 'ई' दोन्हींत फरक पाचचाच आहे, पण दोघांची गोष्ट अगदी वेगळी आहे. 'आ' उतारा न वाचताच निम्म्याहून जास्त मुलांना सुटला. 'ई' न वाचता कुणाला खास जमला नाही, आणि वाचूनही सगळ्यांना जमला नाही. म्हणजे तो अवघड आहे, बाद नाही. म्हणून आधी उताऱ्याविनाचा आकडा पाहायचा. तो नशिबाच्या हद्दीत असेल तरच उताऱ्यासहचा आकडा वाचायचा.

४. नशिबाची हद्द म्हणजे किती? चार पर्याय असले की २५ टक्के ना?

सरासरी २५ टक्के, पण दर वेळी नेमके तेवढेच येत नाहीत. २० मुलांनी डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरी ५ बरोबर येतील. कधी ३ येतील, कधी ७, त्यात नवल काहीच नाही. ९ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता साधारण ४ टक्केच आहे. म्हणून २० च्या गटात ८ पर्यंतचा आकडा नशीब म्हणून सोडून द्यायचा आणि ९ पासून संशय घ्यायचा. वरच्या उदाहरणात 'इ' चे ६ आणि 'ई' चे ७ या हद्दीत बसतात. 'अ' चे १७ आणि 'आ' चे १३ बसत नाहीत.

एक सावधगिरी घ्यावी लागते. असे दहा प्रश्न एकदम तपासले, तर सगळे निर्दोष असूनही एखाद्या तरी प्रश्नाला निव्वळ योगायोगाने ९ किंवा जास्त येण्याची शक्यता तीनात एक इतकी असते. त्यामुळे ९ किंवा १० आलेला प्रश्न लगेच फाडून टाकू नका, दुसऱ्या तुकडीत पुन्हा पाहा. १७ आलेल्याला मात्र दुसरी संधी द्यायचं कारण नाही.

चूक की बरोबर प्रकारात नशिबाचाच वाटा निम्मा असतो. २० पैकी १० आपोआप येतात, आणि १४ आले तरी ठामपणे काही म्हणता येत नाही. आकलन तपासायला हा प्रकार म्हणूनच फार लंगडा आहे. वापरायचाच असेल तर शेजारी "उताऱ्यातलं कोणतं वाक्य वाचून ठरवलं?" असा रकाना जोडा.

५. माझ्या शाळेत पाचवीत आठच मुलं आहेत. मी काय करू?

आठांच्या एकाच गटात ५ किंवा जास्त मुलांना उताऱ्याविना बरोबर आलं, तर संशयाला जागा आहे. नशिबाने तसं होण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या आत आहे. पण मग उताऱ्यासह कुणाला तपासायचं, हा प्रश्न उरतोच. केंद्रातल्या शेजारच्या शाळेशी जोडी लावणं सोपं पडतं. त्यांच्या मुलांना उतारा द्या आणि तुमच्या मुलांना देऊ नका, पुढच्या उताऱ्याला उलट करा.

लहान वर्गाचा एक फायदाही आहे. प्रत्येक मुलाला जवळ बसवून "हे कसं ओळखलंस?" असं विचारता येतं. "आमच्या पुस्तकात आहे", "बाकीचे पर्याय येडेच आहेत", "हे सगळ्यात मोठं होतं म्हणून" ही उत्तरं कुठल्याही टक्केवारीपेक्षा जास्त सांगतात. तीन मुलांशी असं बोलून प्रश्नाचं दुखणं सहसा कळतं.

६. उताऱ्याविना बरोबर येण्याची कारणं कोणती? मुलांना सगळंच माहीत असतं असं थोडंच आहे?

माहिती हे एकच कारण नाही, आणि बहुतेकदा मोठं कारणही नाही. 'अ' मध्ये कारण माहिती आहे, लोणार भूगोलात येतं. 'आ' मध्ये काकांच्या मनातलं कुणाला माहीत असणार? तरी तो सुटतो, कारण थंडी पडून किंवा मासे वाढून पाणी गुलाबी होत नाही हे कुणालाही कळतं. चुकीचे पर्याय इतके हास्यास्पद आहेत की बरोबर पर्याय एकटाच उभा राहतो. प्रश्न काढताना आपण बरोबर उत्तरावर मेहनत घेतो आणि बाकीचे तीन पर्याय घाईने भरतो. त्या घाईची किंमत इथे दिसते.

तिसरं कारण प्रश्नांच्या आपसातल्या चहाडीचं. 'ई' ची सुरुवात पुन्हा वाचा: "रंग टाकला आहे हे काकांचं मत". 'आ' चं उत्तर इथे छापूनच दिलेलं आहे. मुलं मागे जाऊन खूण दुरुस्त करतात आणि तो त्यांचा दोष नाही. 'ई' मधली गोम ती हीच.

बाकी खुणा नेहमीच्याच. बरोबर पर्याय सर्वांत लांब असतो, "नेहमी", "कधीच" असलेले पर्याय हमखास चुकीचे असतात, "वरीलपैकी सर्व" दिलं की तेच बरोबर असतं, किंवा प्रश्न "कोणती" असा विचारतो आणि एकच पर्याय स्त्रीलिंगी असतो. शेवटचं मराठीत फार सहज घडतं. विशेषण, क्रियापद आणि नाम यांची लिंगं जुळवून मुलं बरोबर पर्याय काढतात आणि आपल्याला वाटतं त्यांना उतारा कळला.

७. मग 'इ' सगळ्यात चांगला प्रश्न ठरला का? उताऱ्याविना ६ आणि उताऱ्यासह २०!

आकडे पाहिले तर हो. पण तो वाचनाचा एक लहानसाच तुकडा तपासतो. हे वाक्य पाहा: "गटकूने फिंदरीत मचळी चिरकली." गटकूने मचळी कुठे चिरकली? फिंदरीत. वाक्यातलं काही न कळता तुम्ही उत्तर दिलंत. "मुलीने बाटली कुठे ठेवली?" हा प्रश्नही तसाच सुटतो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि शेजारचा शब्द उचलायचा.

त्यामुळे उताऱ्याविनाची चाचणी पार करणं ही किमान अट समजा. उताऱ्याची गरज असणं वेगळं आणि समजून घ्यायची गरज असणं वेगळं. दुसरी गोष्ट तपासायला प्रश्नातले आणि बरोबर पर्यायातले शब्द उताऱ्यातल्या शब्दांवर ठेवून पाहा. दोन्ही जसेच्या तसे एकाच वाक्यात सापडत असतील, तर तो शोधाशोधीचा प्रश्न आहे. असे प्रश्न पूर्ण टाळू नका. वाचायला नुकतीच लागलेली मुलं ओळीवर बोट ठेवून उत्तर शोधतात, त्यांच्यासाठी ते उपयोगाचे असतात. फक्त त्यांना आकलनाचे गुण म्हणू नका.

८. हे चार प्रश्न दुरुस्त करून दाखवा.

'अ' दुरुस्त होत नाही, तो काढून टाकायचा. जिल्ह्याचे पर्याय बदलून अकोला, वाशीम, जालना घातले तरी तो भूगोलाचाच प्रश्न राहतो, थोडा अवघड भूगोलाचा.

'आ' चे पर्याय बदलू: कुणीतरी रंग टाकला / लाल माती वाहून आली / शेवाळ वाढलं / कारखान्याचं पाणी सोडलं. आता चारही कारणं कुणाच्याही मनात येण्यासारखी आहेत. काकांच्या मनात कोणतं आलं, हे उतारा वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

'ई' मधला "रंग टाकला आहे हे" एवढा भाग काढायचा: "काकांचं मत कशामुळे बदललं?" पर्याय तेच राहू द्या. चारही बाटलीतल्या पाण्याबद्दल आहेत, लांबीने जवळपास सारखे आहेत आणि कोणताच मूर्खपणाचा वाटत नाही. उताऱ्यात "तळाशी बसला" आहे, पर्यायात ते शब्द नाहीत. मुलाला दोन वाक्यं आणि काकांचं बोलणं जोडावं लागतं.

'अ' च्या जागी नवा प्रश्न: "मुलीने पाणी बाटलीत भरून ठेवलं नसतं, तर काय झालं असतं?" (काकांचा पहिला समज तसाच राहिला असता / सरोवर गुलाबी झालं नसतं / काकांनी रंग टाकला असता / पाणी खारट राहिलं नसतं). हा मी वर्गात वापरण्याआधी एकदा झाकून तपासेन. शेवटचे दोन पर्याय अजून कच्चे आहेत. चलाख मूल ते उताऱ्याशिवायही बाजूला काढेल.

९. "या उताऱ्यातून काय बोध मिळतो?" हा प्रश्न चालेल का?

बहुतेक वेळा नाही. बोधाच्या प्रश्नात बरोबर पर्याय नेहमी सद्गुणी असतो. "नेहमी खरं बोलावं", "आळस करू नये", "एकीचं बळ मोठं". मुलांनी इतक्या बोधकथा ऐकलेल्या असतात की चारांतला बरा वाटणारा पर्याय ती सहज ओळखतात. विचारायचाच असेल तर चारही बोध चांगलेच ठेवा आणि त्यातला एकच उताऱ्याला लागू पडेल असं पाहा. लोणारच्या उताऱ्यासाठी "तपासून पाहिल्याशिवाय ठरवू नये" हा बरोबर, आणि शेजारी "पाण्याची नासाडी करू नये", "मोठ्यांचं ऐकावं", "निसर्ग जपावा". तिन्ही शिकवणी उत्तम आहेत, पण या उताऱ्यात कुणी त्यांचा विषय काढलेला नाही.

शीर्षकाच्या प्रश्नाला वेगळा आजार असतो. खालचे चार प्रश्न वाचूनच उतारा कशाबद्दल आहे ते कळतं. तो सगळ्यात आधी ठेवला तरी मुलं शेवटी परत येऊन सोडवतात.

१०. "एका वाक्यात उत्तर लिहा" असं दिलं तर नशिबाचा प्रश्नच मिटतो ना?

नशिबाचा मिटतो, सामान्य ज्ञानाचा मिटत नाही. "लोणार सरोवर कशामुळे तयार झालं?" याचं उत्तर मूल पाठ्यपुस्तकातून लिहील. शिवाय उतारा समोर असेल तर संबंधित वाटणारं अख्खं वाक्य उतरवून काढायची युक्ती मुलांना लवकर सापडते, आणि आपण ते बरोबर धरतो. प्रश्न ७ मधलीच अडचण इथे वेगळ्या रूपात येते. उत्तरात काय असलं की गुण आणि काय नसलं की नाही, हे तपासण्याआधीच लिहून ठेवा. 'ई' साठी पाणी नितळ झालं, किंवा रंग खाली बसला, यातलं काहीतरी यायला हवं. नुसतं "मुलीने पाणी बाटलीत भरलं म्हणून" याला गुण नाहीत.

११. पाठ्यपुस्तकातलाच उतारा घेतला तर?

तो उतारा तुमच्या मुलांसाठी झाकलेला नसतोच, तो महिनाभरापूर्वी वर्गात शिकवून झालेला असतो. त्यावरचे प्रश्न आठवण तपासतात. तेही तपासावं, पण वेगळ्या नावाखाली. गाजलेल्या कविता, शिवाजी महाराजांचे प्रसंग आणि बिरबलाच्या गोष्टींचंही तसंच आहे. मुलाने त्या ऐकलेल्या असतात आणि उतारा वाचायच्या आधीच त्याला शेवट माहीत असतो. याच विषयांवर उतारा हवा असेल तर कमी परिचित प्रसंग घ्या, आणि तरीही झाकून तपासा.

१२. पण माहिती असणाऱ्याला उतारा जास्त कळतोच. मग हे वेगळं काढता तरी येतं का?

पूर्णपणे नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. १९८८ मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेत मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे क्रिकेटचा उतारा दिला तर वेगळं काही होईल असं वाटत नाही.

फरक कुठे करायचा ते नीट पाहा. माहितीच्या आधाराने मूल उतारा जास्त चांगला समजून घेतं तेव्हा ते वाचतच असतं. माहिती आहे म्हणून मूल उतारा वाचतच नाही तेव्हा आपली चाचणी फसते. झाकून घेतलेली चाचणी फक्त दुसरा प्रकार पकडते. पहिल्यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे वर्षभरात उताऱ्यांचे विषय बदलते ठेवणं. शेती, बाजार, खेळ, प्राणी, यंत्रं असे विषय घ्या, म्हणजे एकाच घरातल्या मुलांना दर वेळी घरचं मैदान मिळणार नाही.

मोठमोठ्या परीक्षांतही हा दोष सापडलेला आहे. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेतले वाचनाचे प्रश्न विद्यार्थ्यांना उताऱ्याविना दिले, तेव्हा निव्वळ अंदाजाने येतील त्यापेक्षा बरीच जास्त उत्तरं बरोबर आली. १९९० मध्ये ते प्रसिद्ध झालं. तेव्हा शाळेतल्या सराव प्रश्नसंचात असं सापडलं तर कुणी ओशाळायचं कारण नाही.

१३. उताऱ्याविना २० पैकी एकालाच बरोबर आलं. हा प्रश्न उत्तमच म्हणायचा?

थांबा. नशिबाने ५ यायला हवे होते. इतके कमी येतात तेव्हा एखादा चुकीचा पर्याय मुलांना जोरात ओढतो आहे, कारण त्यांच्या नेहमीच्या समजुतीला तो पटतो. आता उताऱ्यासहच्या गटात तोच पर्याय किती जणांनी निवडला ते मोजा. वाचून फक्त दोघा-तिघांनी निवडला असेल तर प्रश्न खरोखर उत्तम आहे, कारण तो मुलाला आपली समजूत बाजूला ठेवून उताऱ्याचं ऐकायला लावतो. निम्म्यांनी निवडला असेल तर उतारा स्वतः पुन्हा वाचा. पुष्कळदा उताऱ्यातलं वाक्यच संदिग्ध असतं आणि मुलांचं उत्तरही बरोबर धरता येण्यासारखं असतं.

समजुतीच्या विरुद्ध उत्तर यावं म्हणून उताऱ्यात खोटी माहिती मात्र घालू नका. काही जण तसं सुचवतात: लोणार साताऱ्यात आहे असं लिहायचं, म्हणजे कोण वाचतं ते कळेल. कळेल खरं, पण ज्याला बुलढाणा माहीत आहे तो मुलगा कशावर खूण करेल? प्रामाणिक मूल इथे अडकतं, आणि वर्गातली काही मुलं सातारा लक्षात ठेवून घरी जातात. त्यापेक्षा काल्पनिक माणसांचं म्हणणं, त्यांचे समज, त्यांची कारणं विचारा. गंगारामकाकांना काय वाटलं, हे कोणत्याच भूगोलाच्या पुस्तकात नसतं.

१४. हे सगळं दर चाचणीला करायला वेळ कुठून आणायचा?

दर चाचणीला करू नका. पुन्हा पुन्हा वापरायचे, केंद्रभर वाटायचे किंवा ज्यांच्या गुणांवरून मुलांचे गट पाडायचे आहेत, तेवढे उतारे झाकून तपासा. बाकीच्यांसाठी सहकाऱ्याला उतारा न दाखवता नुसते प्रश्न द्या आणि बरोबर उत्तरांवर खुणा करायला सांगा. मोठ्या माणसाची माहिती मुलांपेक्षा जास्त असते, त्यामुळे तो काही निर्दोष प्रश्नही ओळखेल. पण ज्यावर त्याला अंदाजच बांधता येत नाही, तो प्रश्न मुलांसाठी जवळजवळ नक्की सुरक्षित असतो. प्रत्येक खुणेशेजारी त्याने कारण एका शब्दात लिहावं: "माहीत", "पर्याय", "चहाडी". तिसरा शब्द दिसला की प्रश्न ६ उघडा.